विरघळलं की वितळलं? खडीसाखर आणि चॉकलेट घेऊन घरीच बघा

परवा माझी लेक, वय वर्षं सात, चॉकलेटने बरबटलेला हात घेऊन आली आणि म्हणाली, "आई, चॉकलेट विरघळलं गं." आणि त्याच संध्याकाळी लिंबाचं सरबत ढवळताना विचारते, "साखर वितळली का बघू?" म्हणजे दोन्ही शब्द नेमके उलटे. तिला काय बोलणार, आपणही "बर्फ विरघळला" असं सर्रास म्हणतो. डोळ्यांना दोन्हीत एकच दिसतं ना, घट्ट वस्तू होती आणि आता नाहीये. पण आत जे घडतं ते पूर्ण वेगळं असतं आणि ते मुलांना दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही, दोन वाट्या आणि डब्यातली खडीसाखर पुरते.

आधी एवढं पक्कं धरा. वितळायला एकच वस्तू लागते आणि ऊब लागते. विरघळायला दोन वस्तू लागतात, एक विरघळणारी आणि एक तिला सामावून घेणारी, ऊब असली तर काम लवकर होतं पण नसली तरी अडत नाही. प्रयोगही यावरूनच रचायचा, एकदा फक्त पाणी द्यायचं, ऊब नाही, आणि एकदा फक्त ऊब द्यायची, पाणी नाही.

सामान असं: हॉटेलात बडीशेपेबरोबर देतात ती बारीक चौकोनी खडीसाखर, साध्या चॉकलेटचे नखाएवढे दोन तुकडे, दोन काचेच्या वाट्या, फ्रीजचं किंवा माठातलं गार पाणी आणि घट्ट बंद होणाऱ्या दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. काचेची वाटी घ्या, स्टीलच्या वाटीत बाजूने काही दिसत नाही.

मोठ्यांसाठी: पूर्ण वेळ मुलांच्या शेजारी बसा, गरम पाणी तुम्हीच ओता आणि ते अंघोळीच्या पाण्यापेक्षा जास्त कढत नको, गॅसजवळ मुलांना काहीही करू देऊ नका, घरात अगदी लहान बाळ असेल तर खडीसाखर त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा कारण ती घशात अडकू शकते, आणि प्रयोगातलं काही तोंडात घालायचं नाही, खायचं असेल तर वेगळं काढून ठेवा.

पहिला भाग गार पाण्याचा. दोन्ही वाट्यांत अर्धी अर्धी वाटी पाणी घ्या, एकीत खडीसाखरेचे चार-पाच दाणे आणि दुसरीत चॉकलेटचा तुकडा टाका. अधूनमधून चमच्याने ढवळा, दोन्हीकडे सारखंच. काही मिनिटांत खडीसाखर बारीक होत होत दिसेनाशी होते, चॉकलेट मात्र जसंच्या तसं, फार तर कडा जरा पांढरट होतात.

पण ढवळण्याआधी एक गोष्ट नक्की दाखवा, कारण ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. खडीसाखरेचा एक दाणा चमच्याच्या टोकावर ठेवून चमचा पाण्यात जेमतेम बुडेल इतकाच धरा, न हलवता, आणि वाटी खिडकीच्या उजेडासमोर ठेवून बाजूने बघा. चमच्याच्या कडेवरून पारदर्शक रेघा लहरत खाली उतरताना दिसतात, उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरते ना, साधारण तशा. तीच साखर आहे, पाण्यात मिसळून निघालेली, आणि साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड म्हणून ती खाली जाते. लेक हे बघून एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, "म्हणजे ती चालत चालत जातेय." मला तरी याहून नेमकं सांगता आलं नसतं.

दुसरा भाग नुसत्या उबेचा. एका पिशवीत खडीसाखर, दुसरीत चॉकलेट, पिशव्या कोरड्या आणि नीट बंद. मुलाने एकेक पिशवी एकेका मुठीत धरायची आणि पाचेक मिनिटं सोडायची नाही. चॉकलेट मऊ पडतं, मग बोटाने दाबलं की पिशवीत पसरतं. खडीसाखरेचे कोपरे तसेच टोकदार राहतात. थंडीच्या दिवसांत हात गार असतात तेव्हा मुठीने काम होत नाही, अशा वेळी दोन्ही पिशव्या कोमट पाण्याच्या वाटीत बुडवा, पाणी आत शिरू न देता. पिशवीशिवाय हे करू नका हां, आम्ही पहिल्यांदा नुसत्याच मुठीत धरलं होतं आणि खडीसाखर चिकट झाली, लेक म्हणाली बघ हीपण वितळली. ती वितळली नव्हती, तळहाताच्या घामात विरघळत होती.

आता हे का होतं. शाळेतली प्रार्थनेची रांग डोळ्यांसमोर आणा. घट्ट वस्तूमधले बारीक बारीक कण अशा रांगेत उभे असतात, आपापली जागा धरून, जागच्या जागी थोडे हलत. ऊब मिळाली की त्यांची चुळबुळ वाढते, इतकी की रांग मोडते आणि सगळी पोरं एकमेकांत सरकायला लागतात. वर्ग तोच, पोरं तीच, फक्त रांग मोडली. हे वितळणं. म्हणून चॉकलेटची पिशवी परत फ्रीजमध्ये ठेवली की ते पुन्हा घट्ट होतं, घरातलं तूप थंडीत थिजतं आणि उन्हात ठेवलं की पातळ होतं तसंच.

विरघळताना दुसऱ्या वर्गाची पोरं मैदानात येतात. पाण्याचे कण साखरेच्या कणांना कडेकडेने खेचून घेतात, प्रत्येकाभोवती घोळका करतात आणि आपल्यात घेऊन जातात. रांग बाहेरून आत संपत जाते, म्हणून तर दाणा एकदम मऊ न पडता नुसता लहान लहान होत जातो. मऊ पडतंय की लहान होतंय, हीच मला सगळ्यात कामाची खूण वाटते. चॉकलेट मुठीत आधी मऊ पडलं, साखर शेवटपर्यंत कडकच होती, फक्त कमी होत गेली.

मग पाण्याने चॉकलेटला का नेलं नाही? चॉकलेट धरून ठेवणारा मुख्य पदार्थ म्हणजे कोकोचं तूप, आणि तूप-तेलाच्या कणांशी पाण्याच्या कणांचं जमत नाही. हे तूप साधारण ३४ अंशांना वितळतं आणि आपल्या तोंडाची ऊब ३७ च्या आसपास, म्हणून चॉकलेट जिभेवर वितळतं. खडीसाखर त्याच जिभेवर लाळेत विरघळते. एकाच तोंडात दोन वेगळ्या गोष्टी चालू असतात, आणि नुसत्या उबेने साखर वितळवायची तर १८० अंशांच्या पुढे जावं लागतं. जत्रेत म्हातारीचे केस करणाऱ्याच्या तापलेल्या भांड्यात साखर वितळते ती अशी. हे घरी मुलांबरोबर अजिबात करून बघू नका, वितळलेली साखर कातडीला चिकटून बसते आणि फार वाईट भाजते.

इथे गडबड कुठे होते तेही सांगते. विदर्भात मे महिन्यात हा प्रयोग साध्या नळाच्या पाण्याने केला तर चॉकलेट पाण्यातसुद्धा पसरेल, कारण ते पाणीच तेवढं तापलेलं असतं, म्हणून गार पाणीच घ्या. दुसरं म्हणजे चॉकलेट बराच वेळ पाण्यात राहिलं की पाणी थोडं तपकिरी होतं, मूल म्हणणार विरघळलं. थोडंसं खरंच आहे त्याचं, चॉकलेटमध्ये साखर असते आणि वरवरची साखर पाण्यात जाते, बाकीचा तुकडा राहतो. पाच-सात मिनिटांत प्रयोग आवरलात तर हा गोंधळ होत नाही.

आता बर्फ, कारण खरी मारामारी तिथेच आहे. सरबतात बर्फ टाकला आणि दिसेनासा झाला, मग तो विरघळला असं कुणालाही वाटेल. याचा निकाल तेलाने लावता येतो. चहाच्या छोट्या काचेच्या ग्लासात अर्धा ग्लास खायचं तेल घ्या आणि बर्फाचा छोटा खडा सोडा. बर्फ आणि तेल आकारमानाच्या मानाने जवळजवळ सारख्याच वजनाचे, त्यामुळे खडा कधी वर राहतो, कधी अर्धवट बुडून रेंगाळतो. थोड्या वेळाने त्याच्या खालच्या बाजूला पाण्याचा टपोरा गोल थेंब जमतो, सुटतो आणि तेलातून हळूहळू तळाला जाऊन बसतो. मग दुसरा, मग तिसरा. शेवटी तळाशी पाणी आणि वर तेल, दोन्ही वेगळे दिसतात. तेलाने बर्फाला आपल्यात घेतलंच नाही, तरीही बर्फाचं पाणी झालं, म्हणजे त्याला फक्त ऊब हवी होती. सरबतातही बर्फ आधी वितळतो आणि त्याचं पाणी मग सरबतात मिसळतं. हे तेल परत तळणीला वापरू नका, पाण्याचा एक थेंब राहिला तरी कढईत तडतडून अंगावर उडतं, बिजागऱ्यांना लावून टाका.

मिठाचं थोडक्यात सांगते. चमचाभर मीठ अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवा, त्यातलं दोन चमचे पाणी ताटलीत पसरा आणि वर जाळी घालून उन्हात ठेवा. पाणी उडून गेलं की मिठाचे छोटे चौकोनी दाणे उरतात, मिठागरात समुद्राच्या पाण्याचं होतं तेच. साखरेवर हे करू नका, चिकट थर बसतो आणि मुंग्या येतात. म्हणजे वितळलेलं परत हवं असेल तर गार करायचं आणि विरघळलेलं परत हवं असेल तर पाणी उडवायचं.

एक शेवटचं, ज्यात मी स्वतः बरीच वर्षं चुकत होते. पावसाळ्यात गूळ पाघळतो. आपण आईस्क्रीमलाही पाघळलं म्हणतो आणि गुळालाही, म्हणून मी धरून चालले होते की गूळ वितळतो. पण मग तो मे महिन्यात जास्त पाघळायला हवा ना, तेव्हा तर उकाडा जास्त असतो. आम्ही जुलैमध्ये सुपारीएवढे दोन खडे घेतले, एक घट्ट झाकणाच्या डब्यात, एक उघड्या बशीत, आणि मुंग्यांसाठी दोन्ही एकाच पाणी भरलेल्या परातीत ठेवले. दोघांना ऊब सारखीच. दुसऱ्या दिवशी डब्यातला खडा कोरडा होता आणि बशीतल्याच्या खाली तपकिरी ओघळ आला होता. हवेतलं बाष्प गुळाने ओढून घेतलं होतं आणि त्या पाण्यात तो विरघळायला लागला होता. लेकीने बोट लावून बघितलं, वरून ओला पण दाबला तर कडक. मऊ पडला नाही, लहान होतोय, असं तिने आपणहून सांगितलं.