चार्जर लावताच फोन पुन्हापुन्हा सुरू का होतो?

फोनला चार्जर लावावा, पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटावे, काही क्षणांत पडदा काळा व्हावा आणि पुन्हा तेच चिन्ह दिसावे, असे चक्र सुरू झाले की आपण आधी चार्जर बदलतो. ते योग्यच आहे, कारण तपासण्यास तीच गोष्ट सर्वांत सोपी असते. परंतु तीन-चार वर्षे वापरलेल्या फोनमध्ये दोष पुष्कळदा बॅटरीत असतो.

प्रत्येक बॅटरीच्या आत विजेच्या प्रवाहाला थोडा रोध असतो आणि बॅटरी जुनी होते तसा तो वाढत जातो. समजा, बॅटरीचा दाब 3.7 व्होल्ट आहे आणि फोन सुरू होताना क्षणभर 2 अँपिअर प्रवाह ओढतो. रोध 0.1 ओहम असेल, तर 0.2 व्होल्ट आतच खर्च होतात आणि फोनला 3.5 व्होल्ट मिळतात, जे पुरेसे आहेत. तोच रोध 0.4 ओहम झाला, तर 0.8 व्होल्ट आत गमावले जातात आणि हाती 2.9 व्होल्ट उरतात. दाब इतका उतरला की फोनमधील वीज-नियंत्रक चिप पुरवठा तोडते. फोन बंद पडताच ओढ थांबते, दाब पुन्हा 3.7 व्होल्टपर्यंत चढतो, चार्जर लावलेलाच असतो, आणि फोन पुन्हा सुरू होऊ पाहतो.

चार्जर असताना बॅटरीवर भार का पडावा, ही शंका रास्त आहे. 5 व्होल्ट आणि 1 अँपिअरचा साधा चार्जर फार तर 5 वॉट देतो; फोन सुरू होतानाची क्षणिक गरज त्याहून अधिक असते आणि ती तूट बॅटरीलाच भरून काढावी लागते. चार्जर निकृष्ट किंवा केबल झिजलेली असेल, तर ही तूट आणखी वाढते.

म्हणून दुसऱ्या, खात्रीच्या चार्जर-केबलनेही चक्र थांबले नाही, तर फोन बंद ठेवून अर्धा तास चार्ज करून पाहावा. बंद अवस्थेत तो शांतपणे चार्ज झाला आणि सुरू करताच कोलमडला, तर संशय बॅटरीवर जातो. फोनला बिनतारी चार्जिंगची सोय असेल आणि त्यावर तो नीट चालत असून केबल लावताच कोसळत असेल, तर मात्र पोर्ट पाहावा: टाइप-सी पोर्टमधील शेजारशेजारच्या संपर्कपट्ट्यांत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे अंतर असते, आणि खिशातील ओलसर धूळ किंवा हिरवट गंज ते अंतर सहज जोडतो. फोन बंद करून कोरड्या लाकडी काडीने ती धूळ हलकेच काढता येते. टाचणी कधीही घालू नये, कारण धातूनेच नवा शॉर्ट होतो. मागचे झाकण किंचित उचललेले दिसले, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे आणि पुढची कोणतीही चाचणी न करता चार्जर काढून फोन दुरुस्तीला द्यावा.