श्लोक खरा, उत्तरार्ध कुठला?

‘अहिंसा परमो धर्मः, धर्महिंसा तथैव च।’ ही ओळ मासिकाच्या प्रुफात माझ्यासमोर कितीदा आली असेल, याचा हिशेब नाही. खाली कधी ‘भगवद्गीता’ लिहिलेलं असतं, कधी ‘महाभारत’, कधी थेट ‘श्रीकृष्ण’. अध्याय-श्लोकाचा आकडा मात्र क्वचितच असतो, आणि असलाच तर तिथे वेगळाच श्लोक निघतो. या एका ओळीचा माग काढला की धर्मग्रंथातलं अवतरण तपासायचं म्हणजे काय करायचं, तेही कळतं आणि आकड्यांचा हा घोळ मुळात कुठून आला, तेही.

आधी पूर्वार्ध. तो महाभारतात आहे, आणि एकाहून अधिक ठिकाणी आहे. आदिपर्वात डुंडुभ नावाचा साप रुरुला तो सांगतो. आरण्यकपर्वात धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला म्हणतो, ‘अहिंसा परमो धर्मः स च सत्ये प्रतिष्ठितः’. हा धर्मव्याध मिथिलेत मांस विकणारा आहे, हे त्या संवादात फार महत्त्वाचं आहे. अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात, ‘अहिंसा परमो धर्मस्तथाहिंसा परो दमः’. तिन्ही ठिकाणी पुढचा चरण वेगळा आहे आणि ‘धर्महिंसा तथैव च’ यांपैकी कुठेही नाही. बोलणारा श्रीकृष्णही नाही. गीतेत ‘अहिंसा’ हा शब्द चार ठिकाणी येतो, पण हे वाक्य येत नाही.

मग जोडलेला उत्तरार्ध इतका बेमालूम का वाटतो? अक्षरं मोजून पाहा: ध-र्म-हिं-सा-त-थै-व-च. आठ अक्षरं, म्हणजे अनुष्टुभाचा चरण पुरा. शिवाय ‘तथैव च’ हा श्लोकांच्या शेवटी सर्रास येणारा तुकडा. त्यामुळे कानाला काही खटकत नाही आणि संस्कृत थोडंफार येणारा माणूसही फसतो. अशा वेळी कानावर विसंबून चालत नाही, चरणांची सूची उघडावी लागते.

ती सूची पुण्यात तयार झाली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. काश्मीरच्या शारदा लिपीतल्या पोथ्यांपासून दक्षिणेतल्या ग्रंथ आणि मल्याळम लिपीतल्या पोथ्यांपर्यंत शेकडो प्रती गोळा करून, एकेक श्लोक समोरासमोर ठेवून त्यांची तुलना झाली. विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ पासून १९४३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत या कामाचे मुख्य संपादक होते. १९६६ साली काम पुरं झालं आणि पुढे प्रत्येक चरणाची अकारविल्हे सूचीही निघाली. काही पोथ्यांत आढळणारे, पण मूळ संहितेत धरण्याइतका आधार नसलेले श्लोक या आवृत्तीत फेकून दिलेले नाहीत. ते तारांकित करून तळटीपेत आणि परिशिष्टात ठेवले आहेत. त्यामुळे ‘हा श्लोक महाभारतात नाही’ असं लिहिण्याआधी तळटीपाही पाहाव्या लागतात.

संगणकावर शोधतानाही एक गोची होते. ‘परमो धर्मः’ असं विसर्गासकट टाकलं तर भीष्मांचा श्लोक सापडत नाही, कारण तिथे संधी होऊन ‘धर्मस्तथाहिंसा’ झालं आहे. नुसतं ‘परमो धर्म’ टाकलं की तो हाती लागतो. ‘सापडलं नाही’ म्हणजे ‘नाही’ असं मी एकदा घाईने ठरवलं होतं, आणि कारण हा विसर्गच होता.

आता आकड्यांचं. धर्मव्याधाचा श्लोक भांडारकर प्रतीत आरण्यकपर्वाच्या १९८व्या अध्यायात ६९वा आहे. प्रचलित प्रतींत अध्याय जास्त असल्याने हाच अध्याय दोनशेच्या पुढे जातो, आणि पर्वाचं नावही तिथे वनपर्व असतं. दोन्ही आकडे बरोबर असतात, फक्त प्रतीचं नाव न दिल्यामुळे वाचणारा भलत्याच पानावर जातो.

गीतेसारख्या घरोघरच्या ग्रंथातही हे होतं. तेराव्या अध्यायाच्या आरंभी काही प्रतींत ‘प्रकृतिं पुरुषं चैव’ हा अर्जुनाचा प्रश्न आहे. शंकराचार्यांच्या भाष्यात त्यावर टीका नाही आणि बऱ्याच प्रती तो धरत नाहीत. तो धरला की श्लोकसंख्या ७०० ऐवजी ७०१ होते आणि त्या अध्यायातला प्रत्येक श्लोक एकाने पुढे सरकतो. ‘अमानित्वमदम्भित्वमहिंसा क्षान्तिरार्जवम्’ हा श्लोक एका प्रतीत १३.७, तर दुसरीत १३.८. म्हणून तेराव्या अध्यायातला आकडा एकाने चुकलेला दिसला की मी तो लगेच खोडत नाही, आधी लेखकाकडे कुठली प्रत होती ते विचारतो.

मराठीत ही काळजी छापखान्याच्या कितीतरी आधीची आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. त्यानंतर जवळपास तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पैठणला तिची प्रत शुद्ध केली. ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पण ‘पाठांतरीं शुद्धाबद्ध’ झाला होता, असं कारण त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आणि यात स्वतःची ओवी घालणाऱ्यासाठी लिहिलं, ‘तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली’, म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवली. या ओव्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी छापलेल्या असतात, त्यामुळे उद्धृत करताना त्यांच्याखाली ज्ञानेश्वरांचं नाव पडू शकतं. त्यातली ‘एकाजनार्दनें’ ही मुद्रा पाहिली की कर्ता कोण ते कळतं. पुढे १९०९ साली इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून वेगळी आवृत्ती काढली. तिच्यात ओव्यांची संख्या आणि शब्दरूपं दोन्ही निराळी आहेत. तेव्हा ओवीचा क्रमांक देताना वारकरी परंपरेतली साखरे प्रत की राजवाडे प्रत, हे लिहावंच लागतं.

भाषांतरात मजकूर गळतो तो बहुधा शेवटचा. ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ या २.४७ चे चरण चार, पण भिंतींवर आणि भाषणांत दोनच उरलेत. विनोबांच्या ‘गीताई’त चौथा चरण ‘अकर्मीं वासना नको’ असा स्पष्ट आहे: काहीच न करण्याची ओढही नको. तो गाळला की फळाची आशा सोडा एवढंच उरतं आणि अर्जुनाला धनुष्य खाली ठेवू न देणारा भाग जातो. गीताईतली ओळ घेतली तर खाली ‘गीताई, २.४७’ लिहावं, नुसतं ‘गीता’ नव्हे. तो विनोबांचा शब्द आहे.

परवा तीच अहिंसेची ओळ पुन्हा आली. लेखकाला फोन केला. त्यांचा मुद्दा होता की क्षत्रियाला धर्मयुद्ध वर्ज्य नाही. त्या मुद्द्यासाठी गीतेत खरा श्लोक आहे, २.३१: ‘धर्म्याद्धि युद्धाच्छ्रेयोऽन्यत्क्षत्रियस्य न विद्यते’. त्यांनी तो घेतला. अहिंसेच्या ओळीचा पूर्वार्ध ठेवला, त्याला धर्मव्याधाचा पुढचा चरण जोडला आणि खाली छापलं: ‘महाभारत, आरण्यकपर्व १९८.६९, भांडारकर प्रत, धर्मव्याध कौशिकाला’.