बारीक मनगटासाठी घड्याळ: केसचा व्यास वेगळा, लग-टू-लग वेगळं

"माझं मनगट सहा इंचांचं आहे, ३८ मिमीचं घड्याळ चालेल ना?" हा प्रश्न मी इतक्यांदा वाचलाय की त्याखालचं उत्तरही आता पाठ झालंय: "३८ म्हणजे लहानच, बिनधास्त घ्या." विचारणारा बिनधास्त घेतो, आणि आठवड्याभरात "डायल तर छोटीच आहे, मग हे मनगटाच्या बाहेर का येतंय?" म्हणून परत येतो. त्याचं काही चुकलेलं नसतं. त्याला दोन चुकीचे आकडे एकमेकांशी जुळवायला सांगितलेले असतात. सहा इंच हा मनगटाचा घेर, आणि ३८ मिमी हा केसचा, म्हणजे घड्याळाच्या डबीचा व्यास. घड्याळ बसेल की नाही, हे या दोघांपैकी एकावरूनही ठरत नाही.

व्यास सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. ३ च्या आकड्यापासून ९ च्या आकड्यापर्यंत केस किती रुंद आहे तो व्यास. त्यात क्राउन, म्हणजे किल्ली द्यायचं बटण, धरत नाहीत. लग-टू-लग म्हणजे वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतची लांबी, १२ कडून ६ कडे. केसला पट्टा अडकवण्यासाठी वर दोन आणि खाली दोन असे जे पाय निघालेले असतात, ते लग. आणि घड्याळावर '२० मिमी लग' असं लिहिलेलं असेल तर ती पट्ट्याची रुंदी असते, दोन पायांमधलं अंतर. तिचा लांबीशी काही संबंध नाही. हा घोळ एकदा कळला की पुन्हा होत नाही, म्हणून तो इथेच सोडतो.

खरी गोम दिशेत आहे. आत्ता घड्याळ घाला आणि वरून बघा. ३ ते ९ ही रेघ तुमच्या हाताच्या लांबीच्या दिशेने जाते: एक टोक तळव्याकडे, दुसरं कोपराकडे. त्या दिशेला जागाच जागा आहे. १२ ते ६ ही रेघ मात्र मनगटाला आडवी जाते, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि मनगट बारीक असतं ते नेमकं त्याच दिशेला. म्हणजे व्यास जिथे पसरतो तिथे बारीक मनगटाच्या माणसाला अडचण नाही. लग जिथे पसरतात तिथे एकेक मिलिमीटर मोजावा लागतो. असं असूनही दुकानातल्या पाटीपासून खोक्यावरच्या कागदापर्यंत व्यासच ठळक छापलेला असतो आणि लग-टू-लग बऱ्याचदा दिलेलंच नसतं. मला या सगळ्या प्रकारात सर्वात जास्त राग याचाच येतो.

दोन ओळखीची घड्याळं शेजारी ठेवून बघू. हॅमिल्टनचं हाताने किल्ली द्यायचं खाकी फील्ड मेकॅनिकल ३८ मिमीचं आहे आणि 'लहान मनगटासाठी' म्हणून हमखास सुचवलं जातं. सायकोचं एसकेएक्स००७ हे पाणबुड्यांचं घड्याळ साधारण ४२ मिमीचं, म्हणून 'मोठं' समजलं जातं. पण लग-टू-लग मोजलं तर खाकी ४७ मिमीच्या थोडं पुढे जातं आणि एसकेएक्स ४६ च्या आसपास थांबतं. व्यासात चार मिलिमीटरने लहान असलेलं घड्याळ मनगटावर आडवं जास्त लांब पडतं. खाकी वाईट आहे असं मी म्हणत नाही, ते मला आवडतं. फक्त '३८ आहे' एवढ्यावर ते कोणाला सुचवू नये.

मग व्यासाचा उपयोग काय? तो दिसण्यासाठी. घड्याळ मनगटावर किती मोठं *भासतं* हे व्यास आणि डायलचा उघडा भाग ठरवतात. काचेभोवतीची फिरती कडी, म्हणजे बेझेल, जाड असली तर डायल आत आक्रसते आणि ४० मिमीचं घड्याळ ३८ सारखं वाटतं. उलट युंगहान्सच्या माक्स बिलसारख्या घड्याळाला कडा जवळजवळ नाहीच, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी डायलच. त्यात पांढरी डायल असेल तर ३८ मिमीचं ते घड्याळ आहे त्याहून बरंच मोठं दिसतं. पण त्याचे लग इतके आखूड आहेत की ते बारीक मनगटावरही कडेच्या आत राहतं. 'मोठं दिसतंय' आणि 'बसत नाहीये' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली आवडीची बाब आहे, तिथे मी कोणाशी वाद घालत नाही. दुसरी मापाची आहे.

आता मनगटाकडे. टेपने घेर मोजणं पट्ट्याला किती भोकं लागतील हे कळायला ठीक आहे, पण केस घेरावर बसत नाही. ती बसते मनगटाच्या वरच्या सपाट भागावर, आणि सारख्याच घेराच्या दोन मनगटांत हा भाग वेगवेगळा असतो. माझा घेर १५.२ सेंमी आहे. मनगट चपटं आहे, त्यामुळे वरचा सपाट भाग ४७ मिमी भरतो. माझ्या मावसभावाचा घेरही तेवढाच, पण त्याचं मनगट गोल काठीसारखं आहे. त्याचा सपाट भाग जेमतेम ४२. मला नीट बसणारं ४५ मिमी लग-टू-लगचं घड्याळ त्याच्या हातावर दोन्हीकडून बाहेर येतं. टेपच्या मते आमचं मनगट एकच आहे.

हा सपाट भाग मोजायला वेगळं काही लागत नाही. हात टेबलावर पालथा ठेवा आणि घड्याळ जिथे घालता तिथे, म्हणजे मनगटाच्या बाहेरच्या उंचवट्याच्या हाडामागे कोपराच्या बाजूला, पट्टी आडवी धरा. मनगटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची पूर्ण रुंदी घेऊ नका. वरचा भाग जिथे खाली वळायला लागतो त्या दोन जागांवर पेनाने ठिपके द्या आणि त्यांच्यातलं अंतर मोजा. बहुतेक लोक इथेच चुकतात: कॅलिपरने मनगट दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, ५४ मिमी येतं, आणि ५० चं घड्याळ सहज बसेल असं धरून चालतात. ते शेवटचे काही मिलिमीटर उताराचे असतात. त्यांच्यावर लग टेकत नाही, अधांतरी राहतो.

मी स्वतः एकदा अगदी हेच करून घड्याळ घेतलं. व्यास ४० मिमी, लग-टू-लग ५० मिमी, लग सरळ, अजिबात न वाकलेले. चिमटीतलं माप ५४ होतं, म्हणून चार मिमी शिल्लक आहेत असा हिशोब केला. खरा सपाट भाग ४७, म्हणजे प्रत्येक बाजूला दीड मिमी बाहेर. ऐकायला दीड मिमी म्हणजे काहीच नाही. पण पट्टा लगच्या टोकाजवळच्या पिनेला अडकतो, आणि ती पिनच हवेत असली की पट्टा मनगटाला बिलगत जात नाही, सरळ खाली पडतो. पट्टा आणि कातडी यांच्यात एक त्रिकोणी पोकळी तयार झाली होती, त्यातून पलीकडचा उजेड दिसायचा. पट्टा घट्ट केला की लगची टोकं उठून दिसत आणि खालून पट्टा रुतत असे. सैल केला की घड्याळ गोल फिरून करंगळीच्या बाजूला घसरे. मी तीन पट्टे बदलले. दोष पट्ट्याचा नव्हताच.

तेव्हापासून मी सपाट भागातून किमान दोन मिमी वजा करतो, आणि उरेल तो आकडा लग-टू-लगची हद्द धरतो. माझ्यासाठी ४५. मावसभावासाठी ४०, आणि तेवढ्यात बसणारी घड्याळं शोधताना त्याला व्यास बहुतेक ३४-३६ च्या आसपासच मिळतो. तिथे व्यास लहान येतो तो लांबी लहान हवी म्हणून.

या हद्दीला एकच सूट आहे, ती लगच्या वळणाची. लग टोकाकडे खाली झुकलेले असतील आणि त्यांची टोकं केसच्या तळाच्या पातळीपर्यंत किंवा खाली येत असतील, तर ते मनगटाच्या उताराला धरून बसतात आणि एक-दोन मिमी जास्त चालून जातात. घड्याळ टेबलावर ठेवून बाजूने बघा: केसचा तळ टेकला आहे आणि लगची टोकं हवेत आहेत, असं दिसलं तर सूट विसरा. मला स्वतःला सरळ, लांब लग दिसायला छान वाटतात, पण बारीक मनगटावर ते घेऊ नयेत असंच माझं मत आहे.

धातूचं ब्रेसलेट केसला जोडूनच घडवलेलं असेल तर आणखी एका ठिकाणी फसगत होते. काही घड्याळांत पहिली कडी थेट खाली दुमडत नाही, थोडी बाहेर जाऊनच वळते. कागदावर ४४ लिहिलेलं असतं, पण ती ताठ कडीही मनगटावर आडवी पडते, म्हणजे तिची लांबीही मोजायला हवी. हातात घेऊन पहिली कडी खाली दाबून बघा. काटकोनात पडली तर छापील आकड्यावर विश्वास ठेवा, नाहीतर कडी जिथून खरंच वळते तिथून तिथपर्यंत पट्टीने मोजा.

घड्याळ प्रत्यक्ष घालून बघता येत नसेल तर जाड पुठ्ठ्याची एक पट्टी कापा, लांबी बरोबर लग-टू-लग एवढी, आणि ती पेनाच्या ठिपक्यांवर आडवी ठेवा. दोन्ही टोकं ठिपक्यांच्या आत राहिली तर पुढचा विचार करा. आणि मनगटावरच्या फोटोवरून काहीही ठरवू नका. मोबाइलचा कॅमेरा वीतभर अंतरावरून घड्याळ फुगवतो आणि मागचा हात बारीक करतो. घड्याळ घालून दोन पावलं मागे या, आरशात हात बाजूला सोडून बघा. मग खाली वाकून करंगळीच्या बाजूने बघा की लगखालून उजेड येतोय का.