‘अस्सलामु अलैकुम’ आणि ‘मअस्सलामा’ : अरब ऑफिसातल्या येण्याजाण्यामागचा इतिहास

अरब कलीग्जमध्ये काम करायचं तर आल्यावर ‘अस्सलामु अलैकुम’ आणि निघताना ‘मअस्सलामा’, एवढं आलं तरी सुरुवातीला भागतं, हे गल्फला जाणाऱ्याला कुणीही सांगतं. पण समोरचा माणूस उत्तर आपल्यापेक्षा लांबलचक का देतो आणि आधी बोलायचं कोणी, हे सहसा कुणी सांगत नाही आणि खरी मजा तिथेच आहे.

इस्लामच्या आधीच्या अरबी कवितेत भेटल्यावर म्हणायचं वेगळंच सापडतं, ‘इम सबाहन’, म्हणजे तुझी सकाळ सुखाची जावो. सहाव्या शतकातला कवी अंतरा आपल्या प्रेयसीच्या, अब्लाच्या, ओस पडलेल्या मुक्कामाला उद्देशून हेच म्हणतो (घराला अरबीत ‘दार’ म्हणतात, तो शब्द स्त्रीलिंगी म्हणून ‘इमी’ असं रूप) आणि लगेच पुढे ‘वस्लमी’ जोडतो, म्हणजे आणि सुखरूप राहा. हा ‘सलाम’चाच धातू, हिब्रूतला ‘शालोम’ही त्याच घराण्यातला, त्यामुळे सुखरूपपणा चिंतायची पद्धत त्या भागात इस्लामच्याही आधीची आहे. सातव्या शतकात इस्लाम आला आणि मग ‘सलाम’ हेच सगळ्यांचं ठरलेलं अभिवादन झालं.

उत्तर लांब असण्याचं कारण कुराणात आहे, चौथ्या सूरेतली ८६वी आयत. तुम्हाला कुणी अभिवादन केलं तर त्याहून चांगलं करा, नाहीतर निदान तेवढंच परत करा, असं तिथे सांगितलंय. म्हणून साधं उत्तर ‘व अलैकुमुस्सलाम’, पण बरेच जण त्याला ‘व रहमतुल्लाह’ जोडतात आणि कुणी त्यापुढे ‘व बरकातुहू’ सुद्धा म्हणतो, म्हणजे देवाची कृपा आणि बरकतही तुमच्यावर असो. तुम्ही लहान म्हटलंत म्हणून समोरच्याने ते लांबवलं, यात तुम्हाला सुधारायचा हेतू बिलकुल नसतो.

आधी कोणी बोलायचं तेही हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहांत, आलंय : स्वाराने पायी चालणाऱ्याला, चालणाऱ्याने बसलेल्याला, थोड्यांनी जास्तांना. वयाने लहान असलेल्याने मोठ्यांना, हेही आहे, ते आपल्याला ओळखीचंच. पण ऑफिसात बसलेल्यावाला नियमच जास्त दिसतो. समजा चार जण बसलेत आणि तुम्ही दारातून आलात, तर तुम्ही एकदाच सगळ्यांना मिळून म्हणायचं, प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन वेगळं म्हणायची गरज नाही. आणि तुम्ही बसलेले असताना साहेब आत आला तर तोच आधी म्हणतो, तेव्हा आपल्या सवयीने ताडकन उठून त्याच्या आधी बोलायची घाई करू नका, नीट उत्तर द्या, बास. समोर एकच माणूस असला तरी ‘अलैकुम’ हे अनेकवचनच चालतं, त्यामुळे बाई-पुरुषाप्रमाणे रूप बदलायची भानगड नाही.

मुसलमान नसलेल्याने हे म्हणावं का, हा प्रश्न जुना आहे. पैगंबरांनी रोमन बादशहा हेराक्लियसला पाठवलेल्या पत्राची सुरुवात हदीसमध्ये ‘जो सन्मार्गावर चालेल त्याला सलाम’ अशी दिलीय, म्हणजे मुसलमानेतरांसाठी शब्द थोडे वेगळे ठेवले होते, आणि यावर धर्मपंडितांमध्ये पुढे बरीच चर्चा झाली. पण ती चर्चा मुख्यतः मुसलमानाने दुसऱ्याला काय म्हणावं याची. आज गल्फच्या ऑफिसांत हिंदू, फिलिपिनो, ख्रिश्चन सगळे बिनधास्त म्हणतात आणि लोकांना ते आवडतं. टीममध्ये लेबनॉनचे ख्रिश्चन किंवा इजिप्तचे कॉप्टिक ख्रिश्चन असतील तर ‘सबाह अल-खैर’ (शुभ सकाळ) जास्त मोकळं वाटतं, त्याचं उत्तर ‘सबाह अन-नूर’. सकाळ चिंतायची ती जुनी रीत इथे वेगळ्या शब्दांत भेटते असं मला वाटतं.

आता निघताना. ‘मअस्सलामा’ म्हणजे सुखरूपपणासोबत (जा), म्हणून मुळात हे राहणाऱ्याने जाणाऱ्याला म्हणायचं, आता मात्र गल्फमध्ये दोन्हीकडून सर्रास ऐकू येतं. बोलताना ते ‘मासलामा’सारखं वाटतं, पण शेवटचा ‘आ’ खाऊ नका, नाहीतर नुसता ‘सलाम’ उरतो. यावर उत्तर येतं ‘अल्लाह यिसल्लिमक’, देव तुला सुखरूप ठेवो, आणि इथे मात्र रूप बदलतं, बाईला ‘यिसल्लिमिक’ म्हणतात, काही गल्फ बोलींत त्याचं ‘यिसल्लिमिच’ होतं. निघताना परत ‘अस्सलामु अलैकुम’ म्हटलं तरी बरोबरच, निरोपालाही सलाम करावा असं हदीसमध्येच आहे.

एकच सवय तेवढी मोडायला लागते. आपल्याकडची बरीच मंडळी अरबांनाही ‘खुदा हाफिज’ म्हणतात, कारण हिंदी सिनेमातून तेच कानावर पडलेलं असतं. पण ‘खुदा’ हा फारसी शब्द, तो आपल्याकडे फारसी-उर्दूतून आला, अरबीत नाही. भारतीय-पाकिस्तानी लोकांत वावरलेल्या अरबाला तो कळतो, नुकत्याच आलेल्या सुदानी किंवा जॉर्डनच्या कलीगला कळेलच असं नाही. तोच अर्थ हवा असेल तर अरब ‘फी अमानिल्लाह’ म्हणतात, देवाच्या हवाली, आणि लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला ते ‘मअस्सलामा’पेक्षाही शोभून दिसतं.