फेज, न्यूट्रल आणि अर्थ वायरचे रंग

घरगुती वायरिंगमध्ये फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तीन वायरी ओळखू याव्यात म्हणून त्यांच्यावरच्या प्लास्टिकला ठरावीक रंग दिलेले असतात. आपल्याकडे फेजला लाल, न्यूट्रलला काळी आणि अर्थला हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर वापरतात. तीन फेजची लाइन असेल तर तीन फेज लाल, पिवळ्या आणि निळ्या वायरीने येतात आणि न्यूट्रल काळीच राहते. फेजमधून २३० व्होल्टचा दाब येतो आणि न्यूट्रलमधून करंट परत जातो. अर्थ वायर उपकरणाच्या धातूच्या बॉडीला जोडलेली असते आणि सगळे ठीक असताना तिच्यातून काहीच वाहत नाही.

यंत्रासोबत येणाऱ्या कॉर्डचे रंग मात्र वेगळे असतात: तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी-पिवळी म्हणजे अर्थ. ब्रिटनने भिंतीतल्या वायरिंगसाठीही २००४ पासून हेच रंग घेतले; त्याआधी तिथेही लाल-काळी चालत असे. सातारा-सांगली भागात या फरकातून एक ठरलेला गोंधळ होतो. मोटारपंपाची कामे करणाऱ्या वायरमनच्या हाताला निळी वायर म्हणजे फेज ही सवय असते, कारण तीन फेजच्या सबमर्सिबल पंपाची चपटी केबल लाल, पिवळी आणि निळी असते आणि तिन्ही वायरी फेजच्या असतात. तोच वायरमन वॉशिंग मशीनची कॉर्ड सोलून नवा थ्री-पिन टॉप बसवायला घेतो, तेव्हा समोरची निळी वायर न्यूट्रल असते. टॉप उघडून, पिना पलीकडे आणि जाड अर्थ पिन वर धरली, तर उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल येते. सॉकेटकडे समोरून पाहतानाही हीच जागा असते.

फेज आणि न्यूट्रल उलटे झाले तरी दिवा लागतो, पंखा फिरतो. पण स्विच न्यूट्रलमध्ये जातो. मग स्विच बंद करून बल्ब बदलणाऱ्याच्या बोटांजवळ होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच उभे असतात. फेज आणि अर्थ उलटे झाले तर उपकरणाची बॉडी थेट फेजला लागते आणि पहिला हात लावणाऱ्यालाच शॉक बसतो. या दोन्ही चुका साध्या टेस्टरने सापडतात. न्यूट्रल आणि अर्थची अदलाबदल टेस्टरला दिसत नाही, कारण दोन्हींवर तो पेटत नाही. म्हणून ही चूक भिंतीत वर्षानुवर्षे राहू शकते.

ती घडते बहुधा घाईच्या रिवायरिंगमध्ये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी सांगलीतल्या सखल भागांत घराघरांत शिरले. अशा घरांत बोर्ड बुडतात आणि कॉन्ड्युट पाइपात गाळ बसतो. पाणी ओसरल्यावर जुन्या वायरीच्या टोकाला नवी बांधून ती पाइपातून ओढली जाते. ९० मीटरच्या कॉइलीतली हिरवी संपली की अर्थसाठीही काळीच ओढली जाते आणि बॉक्समध्ये एक लाल, दोन काळ्या बाहेर येतात. जुनी वायर तशीच ठेवली असेल तर गाळाने आणि उन्हाने लाल तपकिरी पडलेली असते, हिरवी काळपट झालेली असते. अशा वायरीचा रंग आधीच्या माणसाने काय ठरवले होते तेवढेच सांगतो. पलीकडचे टोक आज कुठे जोडलेले आहे, हे त्यावरून कळत नाही.

पुढचे उदाहरण गिझरच्या १६ अँपिअर सॉकेटचे आहे. दोन काळ्यांपैकी चुकीची काळी न्यूट्रलच्या पिनेला लागली आणि दुसरी अर्थच्या पिनेला. गिझर २,००० वॉटचा, म्हणजे त्याच्या एलिमेंटचा रोध सुमारे २६.५ ओहम. बरोबर जोडणीत तो ८.७ अँपिअर घेतो आणि १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण १८ मिनिटे लावतो. आता मात्र त्याचा करंट न्यूट्रलने परत न जाता अर्थ वायरीने घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उतरतो आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपर्यंत जातो. इथली बहुतेक घरे महावितरणकडून खांबावरून फेज आणि न्यूट्रल अशा दोनच वायरी घेतात आणि अर्थिंग स्वतःच्या खड्ड्याचे करतात. त्यामुळे या वाटेत जमीन येतेच.

खड्डा चांगला ओला असून त्याचा रोध ५ ओहम आहे आणि ट्रान्सफॉर्मरकडचा १ ओहम आहे असे धरू. एकूण रोध ३२.५ ओहम होतो, करंट ७.१ अँपिअर. गिझर चालतो, फक्त सुमारे १,३०० वॉटवर. पण ७.१ अँपिअर ५ ओहममधून गेले की अर्थ वायर जमिनीपेक्षा ३५ व्होल्ट वर चढते. ती वायर घरभर एकच असते. म्हणजे फ्रीज, वॉशिंग मशीन, मिक्सरचे सॉकेट, सगळ्यांच्या अर्थवर ३५ व्होल्ट येतात. टेस्टरमधला नियॉन दिवा साधारण ६० ते ७० व्होल्टच्या खाली पेटत नाही, त्यामुळे फ्रीजला टेस्टर लावला तर काही दिसत नाही. ओल्या पायाने फ्रीज उघडणाऱ्याला मात्र मुंग्या येतात.

एप्रिल-मेमध्ये कृष्णाकाठची काळी जमीन वाळून भेगाळते. खड्ड्यात पाणी ओतले जात नसेल तर त्याचा रोध २० ओहमपर्यंत गेला असे समजा. साताऱ्याकडे मुरमाड जमिनीत तो पावसाळा संपल्यापासूनच जास्त असू शकतो. आता एकूण ४७.५ ओहम होतात. करंट ४.८ अँपिअरवर येतो, अर्थ वायरीवर ९७ व्होल्ट चढतात, आणि गिझरला फक्त ६२० वॉट मिळतात. तेच १५ लिटर पाणी तापायला आता जवळजवळ एक तास लागतो. घरातले लोक गिझरचा एलिमेंट बदलतात, क्षार साचले म्हणून टाकी साफ करतात. खरी खूण वेगळी असते: गिझर चालू असेल तेव्हाच स्वयंपाकघरातला फ्रीज करंट देतो, गिझर बंद केला की थांबतो. ही जोडी दिसली की एलिमेंटला हात लावण्याआधी त्या सॉकेटची जोडणी तपासावी.

खड्ड्याशी वायर गंजून तुटली तर चित्र सगळ्यात वाईट होते. करंटला जायला वाट उरत नाही, गिझर थंड पडतो, पण एलिमेंटमधून फेज अर्थ वायरीवर येऊन थांबतो. गिझर सोडून घरातल्या अर्थला जोडलेल्या प्रत्येक धातूच्या बॉडीवर २३० व्होल्ट, आणि मध्ये फक्त २६.५ ओहमची आड. माणसाच्या शरीराचा रोध त्याच्या कितीतरी पट असतो, म्हणून ही आड काहीच वाचवत नाही.

गिझरची स्वतःची बॉडी या चुकीत न्यूट्रलला लागलेली असते. त्यामुळे एरवी ती निरुपद्रवी वाटते. वळवाच्या वाऱ्यात खांबावरच्या न्यूट्रलचा जोड सुटला की घरातले दिवे जातात आणि लाइट गेली असे सगळ्यांना वाटते. फेज मात्र आलेलाच असतो. स्विच चालूच राहिलेल्या फ्रीजमधून किंवा पंख्यातून तो घरातल्या न्यूट्रलवर उतरतो आणि तिथून गिझरच्या बॉडीवर. नळजोडणी प्लास्टिकच्या पाइपाची असेल तर त्या बॉडीला जमिनीकडे जायला दुसरी वाट नसते. जुन्या वाड्यांतल्या दोन वायरींच्या पट्टी फिटिंगमध्ये अर्थच नसतो, म्हणून काही जण सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला तुकड्याने जोडून देतात. तिथेही न्यूट्रल सुटला की नेमके हेच होते, आणि ती जोडणी चूक म्हणून नव्हे तर मुद्दाम केलेली असते. हे कधीही करू नये.

एमसीबी म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच; तो या चुकीवर पडत नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला ७ अँपिअर हा नेहमीचाच भार आहे. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तुलना करते आणि फरक दिसला की लाइन तोडते. गिझरचा सगळा करंट जमिनीत जात असल्यामुळे गिझर लावताक्षणी ती पडते. इथेच सगळ्यात घातक सल्ला दिला जातो: आरसीसीबी खराब आहे, बायपास करा. नव्या वायरिंगनंतर एखादे उपकरण लावले की ती लगेच आणि दर वेळी पडत असेल, तर उपकरण आरसीसीबी असलेल्या दुसऱ्या घरात तपासून घ्यावे. तिथे ते नीट चालले तर दोष त्या सॉकेटच्या वायरिंगमध्ये शोधावा. आरसीसीबी काढून टाकू नये.

दोन काळ्यांतली न्यूट्रल कोणती हे ठरवायला लाइन चालू ठेवावी लागत नाही. मेन स्विच बंद करून, तो दोन्ही वायरी तोडणारा आहे याची खात्री करून, सॉकेटवर मल्टिमीटरने दाब शून्य आहे का ते पाहावे. सगळी उपकरणे काढावीत. मग डीबीमध्ये, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीत, त्या सर्किटच्या तिन्ही वायरी सोडवून मोकळ्या कराव्यात. त्यातली लाल आणि न्यूट्रल पट्टीवरून काढलेली वायर, या दोघींची टोके एकमेकांना जोडावीत. तिसरी मोकळीच ठेवावी. सॉकेटकडे मल्टिमीटर बझरवर ठेवून लाल आणि एकेक काळी तपासावी. जिच्याशी बझर वाजतो ती न्यूट्रल, दुसरी अर्थ. तपासणीचा जोड आठवणीने सोडावा, नाहीतर मेन चालू करताच शॉर्ट होतो. अर्थ ठरलेल्या काळीच्या दोन्ही टोकांना तिथल्या तिथे हिरवी स्लीव्ह चढवावी. नंतर करू म्हटले की बॉक्स बंद होतो आणि पुढच्या माणसासमोर पुन्हा दोन काळ्याच येतात. पाइपात जागा असेल तर ती काळी काढून हिरवी ओढणेच योग्य.

काम झाल्यावर गिझर चालू ठेवून दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजावा. एक-दोन व्होल्ट असेल तर ठीक. गिझर लावताच तो पंधरा-वीस व्होल्टने किंवा जास्त उडी मारत असेल तर अदलाबदल अजून कुठेतरी शिल्लक आहे. अशा वेळी गिझर लगेच बंद करावा आणि तो भाग डीबीतून तोडून परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून तपासून घ्यावा.