बँक जुळवणी पत्रक परत का येतं: न वटलेले चेक, वाटेतला भरणा आणि ‘इतर फरक’

कर्जाच्या नूतनीकरणासाठी असो की हिशेब तपासणीसाठी, बँक जुळवणी पत्रक जोडा म्हटलं की बहुतेकांना वाटतं, आपल्या पुस्तकातली आणि बँकेतली अशा दोन शिलका समोरासमोर मांडायच्या आणि फरक दाखवायचा. मग पत्रक परत येतं. त्यावर पेनाने एवढंच लिहिलेलं असतं: ‘जुळत नाही, पुन्हा सादर करा.’ कोणती ओळ खटकली हे कोणी लिहीत नाही. तपासणाऱ्याने एका ओळीवर बोट ठेवलं असतं तर समोरच्याचे आठ दिवस वाचले असते, आणि या गोष्टीचा मला दर वेळी राग येतो. म्हणून पत्रक कुठे अडतं ते इथे सविस्तर लिहितो. साधे टप्पे एखाद्या ओळीत उरकतो.

पत्रक प्रत्येक बँक खात्याचं वेगळं करायचं. दोन खाती असतील तर पत्रकंही दोन. तारीख एकच धरायची, बहुधा महिनाअखेरची किंवा वर्षअखेरची. त्या तारखेची तुमच्या रोकड पुस्तकातल्या बँक खान्याची शिलक घ्यायची आणि बँक स्टेटमेंटची अखेरची शिलक घ्यायची. बँक आपल्या बाजूने लिहिते, त्यामुळे तुमच्याकडे जे नावे असतं ते तिच्याकडे जमा दिसतं. एवढं डोक्यात पक्कं असलं की आकडे उलटे पडत नाहीत.

आता कागदपत्रं. त्या महिन्याचं स्टेटमेंट, रोकड पुस्तक, चेकबुकाचे काउंटरफॉइल आणि बँकेचा शिक्का असलेल्या भरणा पावत्या सगळेच आणतात. दोन कागद मात्र जवळजवळ कोणाकडेच नसतात. एक, मागच्या महिन्याचं जुळवणी पत्रक. दुसरा, पुढच्या महिन्याच्या पहिल्या पंधरा दिवसांचं स्टेटमेंट. मागचं पत्रक नसेल तर जुने अडकलेले चेक हाती लागत नाहीत, कारण ते या महिन्याच्या रोकड पुस्तकात कुठेच नसतात. पुढचं स्टेटमेंट नसेल तर ‘हा चेक वटायचा होता’ हे तुमचं नुसतं म्हणणं राहतं, त्याला पुरावा नसतो.

तारखेचाही एक घोळ नेहमी होतो. ‘३१ मार्चअखेर’ म्हणजे ३१ मार्चला दिवस संपल्यावरची शिलक. पण लोक ३१ला दुपारीच स्टेटमेंट काढून ठेवतात. त्या रात्री बँक शुल्क किंवा व्याज पडलं की शिलक बदलते. स्टेटमेंट १ एप्रिलनंतरच काढा, मात्र कालावधी ३१ मार्चपर्यंतचा निवडा.

एका व्यावसायिकाचं पत्रक असंच तीनदा परत आलं होतं, तेच उदाहरण घेऊ. रोकड पुस्तकाप्रमाणे शिलक ४,१२,९३०. दुपारी काढलेल्या स्टेटमेंटवर ४,८७,०८० होते. नव्याने काढल्यावर ४,८६,२५० आले, कारण रात्री ८३० शुल्क पडलं होतं. पहिल्यांदा पत्रक परत यायला एवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या वेळी त्यांनी ओळीओळीने टीक मारली. स्टेटमेंटची प्रत्येक ओळ रोकड पुस्तकात शोधायची आणि सापडली की दोन्हीकडे टीक करायची. जे रोकड पुस्तकात आहे पण टीक झालं नाही, त्यातून दोन याद्या निघतात. पहिली यादी दिलेल्या पण अजून न वटलेल्या चेकची. इथे शब्दाने फसायला होतं. बोलताना ‘चेक वटला नाही’ असं आपण परत आलेल्या चेकलाही म्हणतो. या यादीत तो येत नाही. इथे फक्त आपण दिलेला आणि समोरच्याने अजून बँकेत न नेलेला किंवा वाटेत असलेला चेक धरायचा. यादीत तीन चेक निघाले: क्रमांक ११४ चा ३८,०००, क्रमांक ११७ चा ४६,५०० आणि मागच्या पत्रकातून पुढे आलेला क्रमांक ०४१ चा १२,४००. एकूण ९६,९००.

दुसरी यादी वाटेतल्या भरण्याची, म्हणजे आपण जमा लिहिलं पण बँकेत अजून दिसत नाही अशा रकमांची. त्यात ३१ मार्चला संध्याकाळी भरलेले १८,२५० आणि १७ मार्चचा ९,५०० चा एक चेक निघाला. एकूण २७,७५०.

बँकेच्या शिलकेतून न वटलेले चेक वजा करायचे आणि वाटेतला भरणा मिळवायचा: ४,८६,२५० वजा ९६,९०० अधिक २७,७५०, म्हणजे ४,१७,१००. रोकड पुस्तक मात्र ४,१२,९३० दाखवत होतं. ४,१७० उरले. त्यांनी खाली एक ओळ लिहिली, ‘इतर फरक ४,१७०’, आणि पत्रक देऊन टाकलं.

ही ओळ लिहू नका. फरक कशाचा आहे हे सांगण्यासाठीच तर हे पत्रक असतं. रक्कम लहान असली तरी तिच्या आत दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात.

उरलेल्या फरकाचा शोध स्टेटमेंटमध्ये टीक न झालेल्या ओळींपासून घ्यायचा. तिथे दोन ओळी होत्या: एका ग्राहकाने थेट खात्यात टाकलेले ३,२०० आणि ते ८३० शुल्क. दोन्ही रोकड पुस्तकात नव्हते. ३,२०० मिळवून ८३० वजा केले की २,३७० होतात, ते धरले की ४,१७० मधले १,८०० उरतात. १,८०० ला ९ ने भाग जातो. उरलेल्या फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला की दोन अंकांची अदलाबदल झाल्याची शंका घ्यावी. पण हे बाकीच्या नोंदी काढून झाल्यावरच करा. त्यांच्या ४,१७० ला ९ ने भाग जात नाही, म्हणून सुरुवातीलाच ही कसोटी लावली असती तर हाती काही लागलं नसतं. शिवाय ही फक्त शंका असते, भाग गेला म्हणजे चूक तीच आहे असं ठरत नाही. इथे मात्र काउंटरफॉइल उलटताना क्रमांक १०९ सापडला. चेक ३,५८० चा होता, बँकेतूनही ३,५८० गेले होते, रोकड पुस्तकात मात्र ५,३८० लिहिलेले. रक्कम वेगळी असूनही त्या ओळीवर टीक झाली होती, कारण टीक मारताना फक्त चेक क्रमांक पाहिला होता. क्रमांक आणि रक्कम दोन्ही बघितल्याशिवाय टीक मारायची नाही.

आता दोन्ही बाजूंना ४,१७,१०० आले. पत्रक जुळलं. तिसऱ्यांदा दिलं आणि तरीही परत आलं.

त्याचं कारण होतं १७ मार्चचे ते ९,५००. वाटेतला भरणा म्हणजे खरोखरच वाटेत असलेला. चेक जमा व्हायला फार तर एक-दोन कामाचे दिवस लागतात, सुट्ट्या आल्या तर थोडे जास्त. चौदा दिवस जुनी रक्कम त्या यादीत दिसली की तपासणारा थांबतो आणि त्याचं थांबणं रास्त असतं. अशा रकमेचं बहुधा तीनपैकी एक झालेलं असतं: चेक परत आला आणि परतीची नोंद करायची राहिली, पावतीवर चुकीचा खाते क्रमांक पडून रक्कम दुसऱ्या खात्यात गेली, किंवा चेक भरलाच गेला नाही. मी त्यांना शिक्क्याची पावती दाखवा म्हटलं. त्यांनी भरणा पुस्तक उघडलं, १७ तारखेची पावती भरलेली होती, पण शिक्का नव्हता, आणि चेक त्याच पानाला टाचणीने लावलेला होता. चेक हातात आल्या दिवशीच त्यांनी रोकड पुस्तकात बँकेला नोंद केली होती आणि भरायचा राहून गेला होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ९,५०० वाटेतल्या भरण्यात धरले तरी पत्रक जुळतं आणि रोकड पुस्तकातून कमी केले तरीही जुळतं. कारण पहिल्या प्रकारात बँकेच्या बाजूला तेवढे मिळवले जातात आणि दुसऱ्यात पुस्तकाच्या बाजूला तेवढेच वजा होतात. त्यामुळे दोन आकडे सारखे आले म्हणून पत्रक बरोबर आहे असं होत नाही. खरं काय ते पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट सांगतं: १८,२५० तिथे १ एप्रिलला जमा दिसले, ९,५०० कुठेच दिसले नाहीत. न वटलेल्या प्रत्येक चेकपुढे आणि वाटेतल्या प्रत्येक भरण्यापुढे पुढच्या स्टेटमेंटमधली तारीख लिहा. चौथ्यांदा दिलेलं पत्रक हे होतं, आणि ते मंजूर झालं:

स्टेटमेंटप्रमाणे शिलक ४,८६,२५०
वजा: न वटलेले चेक ९६,९००
अधिक: वाटेतला भरणा १८,२५०
खरी शिलक ४,०७,६००

रोकड पुस्तकाप्रमाणे शिलक ४,१२,९३०
अधिक: ग्राहकाचा थेट भरणा ३,२००
अधिक: चेक १०९ ची दुरुस्ती १,८००
वजा: बँक शुल्क ८३०
वजा: न भरलेला चेक ९,५००
खरी शिलक ४,०७,६००

यातल्या फक्त खालच्या भागातल्या चार गोष्टींच्या नोंदी पुस्तकात करायच्या. वरच्या भागासाठी एकही नोंद नाही, कारण तिथे तुमची पुस्तकं बरोबर आहेत आणि फक्त बँकेपर्यंत गोष्ट पोचायची आहे. न वटलेले चेक ‘रद्द’ करणाऱ्या नोंदी करून बसलेली मंडळी मी पाहिली आहेत. पुढच्या महिन्यात ते चेक वटतात आणि सगळं नव्याने बिघडतं. खातं ओव्हरड्राफ्टचं असेल तर सुरुवातीची शिलक उणे चिन्हासह लिहा, बाकीची मिळवणी-वजाबाकी अशीच राहते.

राहिला चेक ०४१, रक्कम १२,४००, चेकवरची तारीख ६ जानेवारी. बाकीचे दोन चेक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वटले, हा वटला नाही. भारतात चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो, इतर देशांत ही मुदत वेगळी असते. म्हणजे ३१ मार्चला तो यादीत असणं बरोबर होतं, पण एप्रिलच्या पत्रकात तो तसाच पुढे ओढता येणार नाही. ज्याला दिला त्याला आधी विचारा, पुष्कळदा चेक हरवलेला असतो आणि बिचारा मागायला संकोचतो. मुदत संपली की चेक रद्द करून रक्कम पुस्तकात पुन्हा बँकेला नावे आणि ज्याला चेक दिला होता त्याच्या खात्याला जमा करायची. ती उत्पन्नात टाकू नका. चेकची मुदत संपली तरी ते पैसे तुम्ही अजून त्याला देणं लागताच.