दूध वाढवलं की पोट साफ होतं?

"मुलगा अडीच वर्षांचा, भाजीला तोंड लावत नाही, तीन-तीन दिवस शी नाही. सासूबाई म्हणतात दूध वाढव, खरंय का?"

नाही हो, बहुतेकदा उलटच होतं. इंदूरात घरोघरी हे ऐकू येतं, पण पोरगं दिवसाला लिटरभर दूध पितं तेव्हा पोट त्यातच भरतं, जेवण राहतं, आणि दुधात फायबर नसतंच. हळूहळू ४०० ते ५०० मिलीवर आणा, बाटली बंद, कपाने द्या, मधेमधे पाणी. भाजीवरून भांडू नका, पपई, नाशपाती, सालीच्या मुगाची खिचडी चालते, पोह्यात मटार कुस्करून टाका (सेव जरा कमी!).

मुलगा पाय आवळून, टाचा उचलून कोपऱ्यात उभा राहतो ना, तो जोर लावत नसतो, एकदा दुखलं म्हणून शी दाबून धरतो. म्हणून जेवणानंतर पाचेक मिनिटं पॉटीवर बसवा, पाय टेकलेले हवेत, शी नाही झाली तरी रागवायचं नाही. साबणाची कांडी नकोच. चड्डीला पातळ शी लागत असेल तर ते जुलाब नसतात बरेचदा, आत साठलेल्या कडक शीच्या बाजूने गळतं, तेव्हा डॉक्टरांकडून औषध लागतं, कधी काही महिने. पोट फुगलं, उलट्या झाल्या, रक्त दिसलं किंवा वजन वाढत नसेल तर लगेच दाखवा.